सीजीपीए ६.७५, बॅकलॉग शून्य: सांगलीतल्या एका पूल कॅम्पसची पहिली चाळणी

पुण्याजवळ कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीला १२ ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी हवे आहेत. शाखा तीन: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ईअँडटीसी. ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पूल कॅम्पस ठरतो. म्हणजे कंपनी एकाच ठिकाणी येणार आणि आजूबाजूच्या कॉलेजांतली मुलंही तिथेच बसणार. यजमान कॉलेज स्वायत्त आहे, त्याला ‘अ’ म्हणू. बाकी दोन विद्यापीठाशी संलग्न आहेत, ती ‘ब’ आणि ‘क’. तुकडी २०२७ ला बाहेर पडणारी. तीन कॉलेजांतून मिळून ३३८ अर्ज आले आणि परीक्षेला १४७ जणांची यादी लागली.

कंपनी, कॉलेजं आणि ही मोजदाद नमुन्यादाखल घेतली आहे. नियम, सूत्रं आणि चुकांच्या जागा मात्र प्लेसमेंट सेलमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील. प्रश्न एवढाच की बाद झालेले १९१ जण नेमके कशामुळे बाद झाले.

## कटऑफ कुठून आला

जेडीमध्ये, म्हणजे कंपनीच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये, पात्रतेच्या ओळी नेहमीच्याच होत्या. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, तिन्हींत किमान ६० टक्के. चालू बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नको. शिक्षणात एक वर्षापेक्षा जास्त खंड नको. ‘सगळीकडे साठ’ हा नियम आपल्याकडे इतका रुळलाय की तो कुणी ठरवला हे आता कुणी विचारतही नाही. टीसीएसच्या एनक्यूटी परीक्षेसारख्या मोठ्या भरतीतही गेली काही वर्षं साधारण हाच साचा आहे. फरक इतकाच की तिथे निवडीच्या वेळी एक चालू बॅकलॉग खपवून घेतात आणि खंडाची मर्यादा दोन वर्षांची असते.

पण ६० टक्क्यांनी काम भागत नाही. कंपनीची खरी अडचण उलट्या बाजूने मोजावी लागते. मुलाखतीला दोन पॅनेल येणार, एका मुलाखतीला २० मिनिटं, दिवसाचे सात तास. म्हणजे फार तर ४२ मुलाखती, जेवणखाण आणि उशीर धरून ४०. चाचणीतून ४० जण काढायचे तर त्याच्या चौपट मुलं बसवावीत असा कंपनीचा अंदाज. यजमान कॉलेजच्या लॅबमध्ये ८० संगणक, दोन बॅच, म्हणजे १६० जागा. ऑनलाइन चाचणीचे पैसे डोक्यामागे मोजावे लागतात, त्यामुळे १६० च्या वर जायची एचआरची तयारी नाही. तेव्हा ३३८ चे १६० करायचे आहेत आणि हाताशी सगळ्यात सोपं हत्यार सीजीपीए आहे.

एचआरने आधी बाकीचे निकष लावले आणि मग सीजीपीएची रेघ वर-खाली करून पाहिली. ६.० ला २०३ उरत होते, ६.५ ला १६९, ६.७५ ला १४७. रेघ ६.७५ वर थांबली. टीपीओंना, म्हणजे कॉलेजांच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, फोनवर सांगितलं गेलं, “सर, आमचा क्रायटेरिया साठ टक्केच आहे, एआयसीटीईच्या फॉर्म्युल्याने तो ६.७५ होतो.” हे खोटं नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५ असं आहे. सूत्र असं लिहितात:

```
टक्के = (CGPA - 0.75) × 10
```

अडचण अशी की हे एकच सूत्र नाही. ‘अ’ कॉलेजच्या ग्रेड कार्डाच्या मागे सीजीपीएला सरळ १० ने गुणायला सांगितलंय. त्या हिशोबाने ६.० म्हणजे ६० टक्के आणि ६.५ वाल्या मुलाकडे ६५ टक्क्यांचं अधिकृत प्रमाणपत्र आहे. एआयसीटीईच्या सूत्राने त्याच मुलाचे ५७.५ होतात. जेडी वाचून त्याने अर्ज भरला ते बरोबर होतं आणि यादीत त्याचं नाव आलं नाही तेही कागदोपत्री बरोबर ठरतं. जेडीमध्ये ‘६० टक्के’ लिहायचं आणि रूपांतर कशाने करणार ते लिहायचं नाही, ही मोकळीक एचआरच्या सोयीची असते. जागा कमी पडल्या की सूत्र बदलता येतं आणि निकष बदलला असं म्हणावंही लागत नाही. टीपीओने हे जेडी आल्याच दिवशी ईमेलवर विचारून घ्यावं. फोनवर विचारलेलं नंतर कुणालाच आठवत नसतं.

## एक्सेलची ओळ

निकष लावले म्हणजे प्रत्यक्षात काय केलं, ते एका ओळीत होतं. तीन कॉलेजांच्या शीट एकाखाली एक चिकटवल्या आणि गेल्या वर्षीच्या फाइलमधलं सूत्र खालपर्यंत ओढलं. F मध्ये दहावीचे टक्के, G मध्ये बारावीचे, H मध्ये डिप्लोमाचे, J मध्ये सीजीपीए, K मध्ये चालू बॅकलॉगची संख्या.

```
=IF(AND(F2>=60,G2>=60,J2>=6.75,K2=0),"Y","N")
```

सूत्र बरोबर आहे, पण ते फक्त आकड्यांसाठी. मुलांनी गूगल फॉर्ममध्ये आकडेच भरलेत असं नाही. एक्सेलमध्ये अक्षरांची आणि आकड्यांची तुलना केली तर अक्षरं नेहमी मोठी ठरतात, आणि रिकामी पेटी शून्य धरली जाते. या दोन गोष्टींनी काय होतं ते डिप्लोमावाल्यांवर दिसतं.

डायरेक्ट सेकंड इयरला, म्हणजे डीएसईने, आलेल्या मुलाला बारावी नसते. ‘अ’ च्या टीपीओंनी डिप्लोमाचे टक्के G मध्येच टाकून दिले होते, तिथे प्रश्न आला नाही. ‘ब’ च्या फॉर्ममध्ये “लागू नसल्यास `NA` लिहा” अशी सूचना होती. `NA` हे अक्षर, म्हणून `G2>=60` खरं ठरलं आणि ‘ब’ ची सगळी डिप्लोमाची मुलं या पायरीवर पास. त्यांच्यात डिप्लोमाला ५६ टक्के असलेलाही होता. H मधला त्याचा आकडा कुणी पाहिलाच नाही. ‘क’ मध्ये ती पेटी मुलांनी रिकामी सोडली. रिकामं म्हणजे शून्य, शून्य साठपेक्षा कमी, म्हणून ‘क’ ची १९ डिप्लोमाची मुलं एका झटक्यात बाहेर. त्यात डिप्लोमाला ८८ टक्के असलेलीही होती. सूत्राऐवजी एक्सेलचा नंबर फिल्टर लावला असता तर `NA` वालेही गळाले असते. म्हणजे पात्र कोण हे विद्यार्थ्याने काय शिकलं यावर नाही, फॉर्म कुणी बनवला आणि एचआरने कुठलं बटण दाबलं यावर ठरलं.

बॅकलॉगच्या पेटीत हेच उलटं झालं. ११ जणांनी तिथे `Nil`, `None` किंवा `No` लिहिलं. अक्षर शून्याबरोबर नसतं, म्हणून ज्यांना एकही केटी, म्हणजे राहिलेला विषय, नाही तेच केटीवाले ठरून गेले. याउलट ज्यांना केटी आहे आणि लिहायची लाज वाटली म्हणून ज्यांनी पेटी रिकामी ठेवली, असे तिघं `K2=0` मधून आरामात पुढे गेले.

सीजीपीएच्या पेटीतही दोघं असेच निघाले. फोनवरून भरताना आकड्याला चिकटून काहीतरी पडलं, एकाचं `6.1*` आणि दुसऱ्याचं `5.94/10`. एक्सेलने ते अक्षर धरलं आणि अक्षर ६.७५ पेक्षा मोठं. असा मुलगा चाचणी देतो, मुलाखत देतो, कधी ऑफर लेटरही घेतो आणि रुजू व्हायच्या वेळी कागदपत्र तपासणीत सापडतो. तोवर त्याने इतर कंपन्यांचे ड्राइव्ह सोडलेले असतात, कारण बहुतेक कॉलेजांत एक ऑफर मिळाली की दुसरीकडे बसू देत नाहीत. चुकून आत येणं हे चुकून बाहेर जाण्याइतकंच महागात पडतं.

हे पकडायला वेळ लागत नाही. यादी लावायच्या आधी प्रत्येक आकड्याच्या कॉलमखाली दोन सूत्रं टाकायची:

```
=COUNT(J2:J339)
=COUNTA(J2:J339)
```

पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेल्या सगळ्या पेट्या. दोन्ही ३३८ आले पाहिजेत. पहिलं दुसऱ्यापेक्षा कमी आलं तर अक्षरी नोंदी आहेत, दुसरं ३३८ पेक्षा कमी आलं तर रिकाम्या आहेत. यापुढची चूक मात्र मोजणीत सापडत नाही. कुणी टक्क्यांच्या पेटीत ७.२ लिहितो, कुणी ६.६८ ला ‘राउंड’ करून ६.७५. त्याला ग्रेड कार्डाशी ताडून पाहण्याशिवाय इलाज नाही. ३३८ कार्डं बघायला दोन माणसांना एक दिवस पुरतो. तो दिवस कुणाच्या वेळापत्रकात नसतो, ही खरी गोम.

## चालू बॅकलॉग, पण कुठल्या तारखेला?

सूत्राच्या चुका वगळल्या तरी ७२ जण खऱ्या केटीमुळे बाहेर गेले. त्यांची कॉलेजवार फोड केली की वेगळंच दिसतं. ‘अ’ चे अर्ज १२० आणि त्यात केटी फक्त ९ जणांना. ‘ब’ आणि ‘क’ चे मिळून २१८ आणि केटी ६३ जणांना. पाहणारा म्हणेल, स्वायत्त कॉलेजची मुलं हुशार. काही अंशी असतीलही, तिथला प्रवेशाचा कटऑफ वरचा असतो. पण मोठा वाटा कॅलेंडरचा आहे.

स्वायत्त कॉलेज आपली परीक्षा आपण घेतं. मेमध्ये सहावं सत्र संपलं, जूनमध्ये निकाल, जुलैत रीएक्झाम, ऑगस्ट उजाडायच्या आत नवं ग्रेड कार्ड. मेमध्ये नापास झालेला मुलगा ऑगस्टच्या शीटमध्ये ‘शून्य बॅकलॉग’ असतो. संलग्न कॉलेजात पेपर विद्यापीठाचे. तिथे निकालच जुलैअखेर लागतो आणि राहिलेला विषय बऱ्याचदा पुढच्या हिवाळी परीक्षेसोबत द्यावा लागतो. मेमध्ये तोच विषय, तेवढ्याच मार्कांनी राहिलेला ‘ब’ चा मुलगा ऑगस्टमध्ये बाद. डिसेंबरमध्ये तो ऑल क्लिअर होईल, पण तोवर चांगल्या कंपन्या येऊन गेलेल्या असतात. रिव्हॅल्युएशनला टाकलेला पेपर निकालात बसायच्या आधी शीट गेली तर तीच गत. एक-दोन मार्कांनी राहिलेली मुलं रिव्हॅलमध्ये सुटतात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त शीटमध्ये त्यासाठी कॉलम नसतो.

म्हणून ‘चालू बॅकलॉग नको’ या ओळीला तारीख हवी. अर्जाच्या दिवशी, मुलाखतीच्या दिवशी की रुजू होताना? कंपनीला काय हवंय? जुलै २०२७ ला मुलगा पदवी हातात घेऊन दारात उभा राहिला पाहिजे, एवढंच. ती खात्री ‘एक चालू बॅकलॉग चालेल, पण पदवी ठरलेल्या मुदतीत पूर्ण हवी’ या अटीनेही मिळते. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला एक विषय राहिलेला मुलगा आणि पाच विषय राहिलेला मुलगा यांच्यातली जोखीम सारखी नाही. शून्याची रेघ दोघांना एकाच खोक्यात टाकते.

‘बॅकलॉगचा इतिहास नको’ ही त्याहून कडक ओळ. म्हणजे सुटलेली केटीही, जिला मुलं डेड बॅकलॉग म्हणतात, ती मोजायची. इथे गोंधळ मोजण्याचाच आहे. एक विषय तीन वेळा दिला तर तो एक बॅकलॉग की तीन? काही ठिकाणी थिअरी आणि ओरल हे वेगळे हेड असतात. दोन्हींत राहिला तर एका विषयाचे दोन होतात. आजारपणामुळे पेपरला बसलाच नाही, तर निकालपत्रात तोही नापासासारखाच दिसतो. आणि रीएक्झाममध्ये सुटलेला विषय काही स्वायत्त कॉलेजांच्या ग्रेड कार्डावर ताऱ्याने दाखवतात, काहींच्या कार्डावर काहीच खूण नसते. जिथे खूण नाही तिथल्या मुलाला इतिहासच नाही. आमच्या मते ही अट मागणाऱ्या कंपनीला टीपीओने हे चार प्रश्न लिहून पाठवावेत. उत्तरं देता आली नाहीत तर अट मागे घेतलेली बरी.

## एम-थ्री आणि ०.३२ चा फरक

‘क’ मधल्या इलेक्ट्रिकलच्या एका डीएसई मुलाचं उदाहरण पूर्ण मोजून पाहण्यासारखं आहे. डीएसईच्या प्रवेशाच्या कॅप फेऱ्या लांबतात, त्यामुळे ही मुलं वर्गात येतात तेव्हा तिसरं सत्र बरंच पुढे गेलेलं असतं. त्यात समोर येतो इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-थ्री, तोही एम-वन आणि एम-टू न करता. डिप्लोमाला पहिला आलेला मुलगा इथे अडकतो, यात नवल नाही. तिसऱ्या सत्रात मशीन्स आणि सर्किट्समध्ये उत्तम मार्क आणि एम-थ्रीला ‘एफ’, हे चित्र जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात दिसेल.

सीजीपीए म्हणजे प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. सत्राला २२ क्रेडिट धरू. डीएसईच्या मुलाचं पहिलं वर्ष मोजत नाहीत, म्हणून चार सत्रांचे ८८. एम-थ्रीचे ४ क्रेडिट सोडून बाकी ८४ वर त्याची सरासरी ७.० आहे असं धरू. एफला शून्य पॉइंट:

```
(84 × 7.0 + 4 × 0) / 88 = 6.68
(84 × 7.0 + 4 × 5) / 88 = 6.91
```

केटी सुटून नुसते पासाचे ५ पॉइंट मिळाले तरी ६.९१, म्हणजे ६.७५ च्या वर. केटी असताना ६.६८, म्हणजे खाली. एकाच पेपरने त्याला दोनदा मारलं, एकदा बॅकलॉगच्या पेटीत आणि एकदा सीजीपीएच्या. उद्या कंपनीने उदार होऊन एक बॅकलॉग माफ केला तरी हा मुलगा आत येत नाही, कारण तो माफ केलेला पेपर सीजीपीएत शून्य होऊन बसलेलाच आहे.

आता बारावीवरून आलेला, एम-थ्री राहिलेला आणि बाकी सगळीकडे ७.० असलेला त्याचाच वर्गमित्र घ्या. त्याचे सहा सत्रांचे १३२ क्रेडिट. (128 × 7.0) / 132 = 6.79. तो केटीसकट ६.७५ च्या वर आहे. त्याच एफने एकाचे ०.३२ गेले आणि दुसऱ्याचे ०.२१, फक्त भाजक लहान-मोठा म्हणून. एक बॅकलॉग चालवणाऱ्या कंपनीत दुसरा बसेल, पहिला नाही.

काही विद्यापीठं तर विषय राहिला असेल तर सीजीपीए छापतच नाहीत, तिथे नुसती आडवी रेघ येते. मुलगा पेटी रिकामी ठेवतो, एक्सेल ती शून्य धरतं. बॅकलॉगवाल्यांना संधी देणाऱ्या कंपनीच्या यादीतही हे नाव मग येत नाही. यावर सोपा उपाय आहे. पास झालेल्या क्रेडिटांचाच सीजीपीए वेगळ्या कॉलममध्ये मागायचा आणि राहिलेले क्रेडिट शेजारी. मग बॅकलॉगची शिक्षा एकदाच होते आणि ती किती द्यायची हे कंपनी उघडपणे ठरवते.

## सरासरीत काय बुडतं

६.७५ च्या खाली-वर असलेली दोन मेकॅनिकलची मुलं पाहा. पहिल्याचे सहा सत्रांचे एसजीपीए, म्हणजे त्या-त्या सत्रापुरत्या सरासऱ्या, ५.६, ५.९, ६.३, ६.८, ७.४, ७.९. दुसऱ्याचे ८.२, ७.६, ७.०, ६.५, ६.२, ५.९. क्रेडिट सारखे धरले तर पहिल्याचा सीजीपीए ६.६५, दुसऱ्याचा ६.९. पहिल्या चाळणीत दुसरा आत आणि पहिला बाहेर. पहिला मराठी माध्यमातून आलेला असू शकतो, ज्याचं पहिलं वर्ष पुस्तकातलं इंग्रजी समजण्यातच गेलं. दुसऱ्याच्या घरी काही घडलं असेल किंवा त्याचा शाखेतला रसच गेला असेल. कोण कसा आहे हे या आकड्यांवरून सांगता येत नाही, पण विचारण्यासारखं काहीतरी दोन्हीकडे आहे. आणि पॅनेल बनवायच्या कामाला पाचव्या-सहाव्या सत्रातले विषय जवळचे, पहिल्या सत्रातलं केमिस्ट्री नाही. एसजीपीएचे सहा कॉलम शीटमध्ये होते. सूत्राने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दहावी-बारावीच्या साठ टक्क्यांबद्दल थोडक्यात. या तुकडीतल्या बहुतेकांची दहावी २०२१ ची. त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच झाली नाही, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला आणि ९९.९५ टक्के मुलं पास झाली. २०१९ ला भाषांचे अंतर्गत गुण काढल्यावर हाच निकाल ७७.१० टक्क्यांवर आला होता. ‘दहावीला ६०’ ही चाळणी दर वर्षी वेगळ्या जाळीची असते, आणि २०२१ ला जाळी जवळजवळ नव्हतीच. आपल्या प्रकरणात तिने ३३८ पैकी तिघांना अडवलं.

बारावीने मात्र खरोखर १९ जण अडवले, आणि इथे महाराष्ट्राचं वेगळेपण आड येतं. इंजिनिअरिंगचा प्रवेश एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. बारावी फक्त पात्रतेपुरती, पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के. त्यामुळे क्लासवाले आणि मुलंही अकरावीपासून सीईटीच्या मागे असतात, बोर्डाकडे दुर्लक्ष होतं. सीईटीला नव्वदच्या वर पर्सेंटाइल आणि बारावीला ५७ टक्के, असा मुलगा ‘अ’ सारख्या कॉलेजात सहज सापडतो. ज्या परीक्षेने त्याला प्रवेश दिला तिचा कॉलम शीटमध्ये नाही. ज्या परीक्षेला राज्यानेच दुय्यम ठरवलं तिच्यावर तो बाद झाला. कंपनीचं मुख्यालय बेंगळुरूला असो की पुण्याला, हा कॉलम बारा राज्यांच्या बोर्डांना एकाच रांगेत उभं करतो.

तीन कॉलेजांचे सीजीपीए एका रेघेवर ठेवणं हीही तशीच गोष्ट. ‘अ’ मध्ये पेपर काढणारे आणि तपासणारे तिथलेच शिक्षक, अंतर्गत गुणांचा वाटा मोठा आणि ग्रेडिंग वर्गाच्या सरासरीवर बेतलेलं असू शकतं. ‘ब’ चा पेपर दुसऱ्या जिल्ह्यातला कुणीतरी तपासतो. ‘अ’ चा ७ आणि ‘ब’ चा ७ यांत कुठला भारी, हे त्या आकड्यावरून कुणीच सांगू शकत नाही. याला कामचलाऊ उत्तर एकच दिसतं. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेतले वरचे अमुक टक्के घ्यायचे. एचआरला हे सहसा आवडत नाही, कारण ‘आमचा कटऑफ ६.७५’ हे वरिष्ठांना एका ओळीत सांगता येतं आणि हे सांगता येत नाही.

## यादी दुसऱ्यांदा लावली तेव्हा

‘क’ च्या टीपीओंच्या लक्षात आलं की आपला एकही डिप्लोमावाला यादीत नाही. तिथून सूत्र उघडलं गेलं. दुरुस्तीत आधी G मध्ये बारावी नसेल तर डिप्लोमा असं घेतलं:

```
=IF(ISNUMBER(G2),G2,H2)
```

मग `Nil` चे शून्य केले आणि रिकाम्या पेट्यांसाठी मुलांना फोन लावले. ‘क’ च्या १९ आणि `Nil` वाल्या ११ अशा ३० जणांतून १३ सगळ्या निकषांत बसले. डिप्लोमाला ५६ टक्के असलेला ‘ब’ चा मुलगा ६.७५ च्या खालीच होता, त्यामुळे त्याने यादी बदलली नाही. केटी लपवलेले तीन आणि अक्षरी सीजीपीएवाले दोन निघाले. १४७ चे १५५ झाले.

त्यानंतर टीपीओंनी कंपनीपुढे एक मागणी ठेवली. लॅबमध्ये तिसरी छोटी बॅच लावू, त्यात ६.५ ते ६.७५ मधली, बाकी निकषांत बसणारी मुलं बसवा. दुरुस्तीनंतर ती २५ होती. एचआरचा आक्षेप अपेक्षितच होता. “सर, आमचे आधीचे ट्रेनी सगळे सातच्या आसपासचे आहेत आणि चांगलं काम करतायत.” हे खरं असेलही, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. रेघेखालच्या कुणाला घेतलंच नाही, तर ते कसं काम करतात हे कंपनीला कधी कळणार? आत घेतलेल्यांकडे पाहून रेघ बरोबर होती म्हणणं म्हणजे एकाच वाफ्याला पाणी घालून दुसरा वाफा नापीक ठरवणं. ही चूक आपोआप कधीच दुरुस्त होत नाही, कारण तिचा पुरावा गोळाच होत नाही.

कंपनीने २५ जणांची बॅच मान्य केली, जादा चाचण्यांचा खर्च धरून. शीटमध्ये एक कॉलम वाढवला, `BAND`, त्यात `MAIN` किंवा `TRIAL`. चाचणी तीच, प्रश्न तेच, मुलाखतीच्या ४० जागांसाठी गुणानुक्रम एकच. पॅनेलला कुठला उमेदवार कुठल्या बॅंडचा हे सांगायचं नाही. नमुन्याच्या आकड्यांवर निकाल रचून दाखवण्यात अर्थ नाही, म्हणून तो इथे देत नाही. शिवाय २५ मुलं एका हंगामात काही सांगतही नाहीत. त्यातली दोन-चार इकडे-तिकडे झाली की टक्केवारी उलटते. तीन-चार हंगाम हा कॉलम टिकला, आणि निवडलेल्यांचा सहा महिन्यांचा व वर्षाचा कामाचा शेरा विद्यार्थ्याच्या त्याच पीआरएन क्रमांकासमोर लिहिला गेला, तरच तुलना करण्याजोगं काही हाती लागतं. त्यासाठी फाइल एचआरच्या लॅपटॉपवर नाही, कंपनीच्या सामायिक फोल्डरमध्ये हवी. कॅम्पस बघणारी माणसं दर दोन वर्षांनी बदलतात आणि नवी व्यक्ती गेल्या वर्षीचं सूत्र शोधते, गेल्या वर्षीचा कॉलम नाही.